बद्ध प्रभारांची बेरीज शून्य येत नाही: असमान ध्रुवीकरण असलेल्या स्लॅबमधील चूक कशी शोधावी

असमान ध्रुवीकरण असलेल्या डायइलेक्ट्रिक स्लॅबचे उदाहरण सोडवताना एकच अडचण वारंवार येते. ध्रुवीकरणाच्या अपसरणावरून स्लॅबच्या आतला बद्ध प्रभार काढला जातो, दोन्ही पृष्ठांवरचा बद्ध प्रभारही काढला जातो, पण या सर्वांची बेरीज केल्यावर शून्याऐवजी काहीतरी बाकी उरते. ध्रुवीकरणात प्रभार फक्त आपल्या जागेवरून किंचित सरकलेले असतात, नव्याने निर्माण झालेले नसतात. त्यामुळे मुळात उदासीन असलेल्या स्लॅबमध्ये अशी बाकी खरी असणे शक्य नाही आणि ती मांडणीतल्या चुकीचीच खूण मानावी लागते. सुदैवाने ही बाकी किती आहे आणि तिचे चिन्ह कोणते आहे, यावरून चूक नेमकी कोणत्या पायरीवर झाली हे बहुतेक वेळा ओळखता येते. त्यासाठी खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरले आहे.

उदाहरण आणि त्याचे योग्य उत्तर

स्लॅबची एक बाजू x = 0 येथे आणि दुसरी x = d येथे आहे असे समजू. जाडी d = 2 मिमी आहे, आणि y व z या दिशांना स्लॅब इतका पसरलेला आहे की त्याच्या कडांचा विचार करण्याची गरज नाही. ध्रुवीकरण सर्वत्र x दिशेने आहे, मात्र त्याचे मूल्य जाडीनुसार बदलते:

```
P(x) = 2 + 3 (x/d)^2      (μC/m²)
```

म्हणजे डाव्या पृष्ठापाशी ध्रुवीकरण २ आहे, मध्यभागी २.७५ आहे आणि उजव्या पृष्ठापाशी ५ आहे. यापुढे पृष्ठीय घनता आणि ध्रुवीकरण ही दोन्ही मायक्रोकुलोम प्रति चौरस मीटर या एककात दिली आहेत, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी एकक पुन्हा लिहिलेले नाही.

आकारमानातील बद्ध प्रभार घनता ρ_b = −∇·P या सूत्राने मिळते. येथे P चा एकच घटक असून तो फक्त x वर अवलंबून आहे, म्हणून अपसरण म्हणजे साधे dP/dx होते. मीटर आणि कुलोम या मूळ एककांत मांडल्यास उत्तर असे येते:

```
ρ_b(x) = −dP/dx = −6×10⁻⁶ · x / d² = −1.5 x      (C/m³, x मीटरमध्ये)
```

डाव्या पृष्ठापाशी ही घनता शून्य आहे, आणि उजव्या पृष्ठाकडे जाताना ती सरळ रेषेत वाढत −०.००३ कुलोम प्रति घनमीटर इतकी होते. संपूर्ण जाडीवर संकलन केल्यास प्रत्येक चौरस मीटरमागे −३ मायक्रोकुलोम मिळतात. पृष्ठांसाठी σ_b = P·n̂ हे सूत्र आहे आणि त्यात n̂ हा पदार्थातून बाहेर जाणारा एकक सदिश आहे. उजव्या पृष्ठावर तो +x दिशेने आहे, म्हणून तेथे +५ मिळतात. डाव्या पृष्ठावर तो −x दिशेने आहे, म्हणून तेथे −२ मिळतात. बेरीज −२ − ३ + ५ = ० अशी बरोबर जुळते.

वजा चिन्ह कुठून येते

बहुतेक चुकांचे मूळ वजा चिन्हात असते, आणि ते पाठ करण्यापेक्षा एका पातळ थरावर पडताळून पाहिलेले बरे, कारण एकदा पडताळल्यावर ते विसरणे अवघड जाते. स्लॅबच्या आत १.० मिमी ते १.१ मिमी या अंतरातला थर घ्या. x दिशेला लंब असलेल्या कोणत्याही प्रतलातून ध्रुवीकरण होत असताना प्रत्येक चौरस मीटरमागे जेवढा धन प्रभार +x दिशेने पार होतो, तेवढेच त्या जागी P चे मूल्य असते. (ऋण प्रभार उलट दिशेने सरकला तरी हिशेब तोच राहतो.) १.० मिमीवर P चे मूल्य २.७५ आहे, म्हणजे डाव्या बाजूने थरात २.७५ आले. १.१ मिमीवर ते २.९०७५ आहे, म्हणजे उजव्या बाजूने थरातून २.९०७५ गेले. आले त्यापेक्षा गेले जास्त, त्यामुळे थरात −०.१५७५ इतका प्रभार उरला. त्याला थराच्या जाडीने, म्हणजे ०.०००१ मीटरने भागल्यास −०.००१५७५ कुलोम प्रति घनमीटर मिळतात. थराच्या मध्यावर, म्हणजे x = १.०५ मिमी येथे, −1.5x या सूत्राची किंमत तंतोतंत हीच येते.

ज्या ठिकाणी ध्रुवीकरण x दिशेने वाढत जाते तेथे मागे ऋण प्रभार साचतो, आणि जेथे ते घटत जाते तेथे धन प्रभार साचतो. पृष्ठीय प्रभार हासुद्धा याच हिशेबाचा टोकाचा प्रकार आहे: उजव्या पृष्ठावर ५ आले आणि पुढे पदार्थच नसल्याने काहीच गेले नाही, म्हणून तेथे +५ साचले, डाव्या पृष्ठावरून २ निघून गेले आणि मागून काहीच आले नाही, म्हणून तेथे −२ उरले. पृष्ठ आणि आकारमान यांचे नियम वेगवेगळे समजून पाठ करणारा विद्यार्थी हमखास एका ठिकाणी चिन्ह चुकवतो, असे माझे निरीक्षण आहे.

बाकीवरून निदान

बेरीज +६ आली असेल तर अपसरणापुढचे वजा चिन्ह सुटले आहे, कारण −३ ऐवजी +३ धरल्याने फरक दुपटीचा, म्हणजे ६ चा पडतो. बेरीज +४ आली असेल तर डाव्या पृष्ठावरचा n̂ चुकून +x दिशेने घेतला गेला आहे आणि −२ ऐवजी +२ धरले गेले आहेत. ही चूक सर्वांत जास्त आढळते, कारण P सर्वत्र x दिशेने असल्यामुळे “दोन्ही पृष्ठांवर σ_b म्हणजे P ची किंमत” असे सहज लिहिले जाते. या दोन्ही चुका एकाच वेळी झाल्या असतील तर बेरीज +१० येईल.

बेरीज +२ येत असेल तर डावे पृष्ठ हिशेबातून राहून गेले आहे, आणि −५ येत असेल तर उजवे. −३ आली तर दोन्ही पृष्ठे विसरली गेली आहेत. “अपसरणावरून प्रभार काढा” असा प्रश्न असला की विद्यार्थी आकारमानाचे संकलन करून तेथेच थांबतात. पण अपसरण स्लॅबच्या आतले घेतलेले असते आणि पृष्ठावर P एकदम शून्यावर उतरते त्या उडीची नोंद त्यात होत नसते.

+३ ही बाकी मात्र जरा फसवी आहे, कारण ती दोन वेगळ्या कारणांनी येऊ शकते. एक तर आकारमानातील प्रभार मुळी धरलाच गेला नसेल, म्हणजे ध्रुवीकरण समान असल्यासारखे फक्त −२ आणि +५ यांची बेरीज केली गेली असेल. दुसरे कारण संगणकावर अवकलन करताना उद्भवते आणि त्याचा विचार पुढे केला आहे. बाकी ३ च्या अगदी जवळ असूनही नेमकी ३ नसेल, उदाहरणार्थ २.९९७ असेल, तर एककांचा घोळ झाला आहे असे खुशाल समजावे: अवकलन करताना x मिलिमीटरमध्ये होता आणि संकलन करताना मीटरमध्ये, त्यामुळे आकारमानातील प्रभार हजारपटीने लहान होऊन −०.००३ इतकाच राहिला. हाच घोळ उलट दिशेने झाला तर बाकी −२९९७ येते आणि ती कोणाच्याही नजरेतून सुटत नाही.

बेरीज शून्य येऊनही उत्तर चुकीचे असू शकते

एकूण बेरीज शून्य येणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही, आणि ही गोष्ट बऱ्याच स्पष्टीकरणांतून गाळली जाते. समजा कोणी dP/dx ची सरासरी किंमत घेतली आणि आकारमानात सर्वत्र −०.००१५ कुलोम प्रति घनमीटर इतकी समान घनता धरली. एकूण आकारमान प्रभार तरीही −३ च येईल आणि बेरीज निमूटपणे शून्य होईल. प्रभाराची मांडणी मात्र चुकलेली असेल, आणि तिच्यावरून काढलेले विद्युतक्षेत्रही चुकेल.

म्हणून याहून कडक चाचणी वापरावी. डाव्या पृष्ठापासून सुरुवात करून x या प्रतलापर्यंतचा सगळा बद्ध प्रभार, डावे पृष्ठ धरून, मोजत जावा. तो प्रत्येक x साठी नेमका −P(x) यायला हवा. आपल्या उदाहरणात मध्यापर्यंत −२ आणि पहिल्या मिलिमीटरमधील −०.७५ मिळून −२.७५ होतात, आणि मध्यावर P ची किंमत २.७५ च आहे. सरासरी घनता घेणाऱ्याला मध्यावर −२ − १.५ = −३.५ मिळतील आणि चूक तेथेच उघडी पडेल.

संगणकावर ही चाचणी काही ओळींत होते. त्यात `rho` ची किंमत P च्या अवकलनाने संगणकाकडून काढून घेण्यात फारसा अर्थ नाही, कारण मग चाचणी स्वतःचीच परीक्षा घेत बसते; हाताने काढलेले सूत्र तेथे लिहावे आणि मगच चाचणी चालवावी.

```python
import numpy as np
d = 2e-3
x = np.linspace(0, d, 201)
P = (2 + 3*(x/d)**2) * 1e-6
rho = -1.5*x                      # हाताने काढलेले सूत्र
step = (rho[1:] + rho[:-1])/2 * np.diff(x)
Q = -P[0] + np.concatenate(([0], np.cumsum(step)))
print(np.max(np.abs(Q + P)))      # प्रत्येक x वरची चाचणी
print(Q[-1] + P[-1])              # एकूण बेरीज
```

दोन्ही आकडे पूर्णांकनाच्या त्रुटीइतकेच, म्हणजे व्यवहारात शून्य, यायला हवेत. येथे घनता x बरोबर सरळ रेषेत बदलत असल्याने समलंब पद्धतीचे संकलन अचूक ठरते. P चे सूत्र अधिक गुंतागुंतीचे असेल तर थोडी त्रुटी राहील, पण बिंदूंमधील अंतर निम्मे केल्यावर ती साधारण चौथा हिस्सा झाली पाहिजे. ती तशी घटत नसेल तर दोष संकलनाचा नसून सूत्राचा आहे.

संख्यात्मक अवकलनात पृष्ठे दोनदा मोजली जाणे

आता राहिलेल्या +३ कडे येऊ. अनेकदा P ची सारणी स्लॅबच्या थोडी बाहेरपर्यंत नेलेली असते, बाहेरच्या बिंदूंवर P शून्य ठेवलेले असते, आणि संपूर्ण सारणीवर `np.gradient` चालवले जाते. अशा वेळी पृष्ठावरची उडीसुद्धा अवकलनात सापडते. आपल्या उदाहरणात बिंदूंमधील अंतर ०.०१ मिमी असेल तर उजव्या पृष्ठालगतच्या दोन बिंदूंवर घनता सुमारे +०.२५ कुलोम प्रति घनमीटर दिसते, तर डाव्या पृष्ठालगतच्या दोन बिंदूंवर सुमारे −०.१. आतली खरी घनता कोठेही ०.००३ च्या वर जात नाही, त्यामुळे आलेखात दोन टोकांना दोन सुळके दिसतात आणि मधला भाग सपाट शून्य असल्यासारखा भासतो.

हे सुळके म्हणजे निव्वळ गोंगाट नव्हे. प्रत्येक बिंदूवरची घनता ०.०१ मिमीने गुणून उजवीकडच्या दोन बिंदूंची बेरीज केली की जवळपास +५ मिळतात. म्हणजे तो सुळका हा पृष्ठीय प्रभारच आहे, फक्त तो दोन बिंदूंच्या रुंदीत पसरला आहे. गडबड होते ती पुढच्या पायरीला, जेव्हा σ_b वेगळा काढून पुन्हा बेरजेत मिळवला जातो. सुळक्यांसह संकलन आधीच शून्य झालेले असते, त्यात −२ आणि +५ पुन्हा पडतात आणि +३ उरतात. आकारमान विसरल्यामुळे आलेले +३ यापासून वेगळे ओळखणे सोपे आहे: बिंदूंमधील अंतर निम्मे करून पाहावे. सुळक्यांची उंची दुप्पट झाली तर ती उडीच आहे, कारण खऱ्या आकारमान घनतेची किंमत जाळीच्या बारकाईवर अवलंबून नसते.

यावर दोन उपाय आहेत आणि त्यांपैकी कोणताही एकच वापरावा. एक म्हणजे अवकलन केवळ स्लॅबच्या आतल्या बिंदूंवर करावे, टोकांना `edge_order=2` द्यावे आणि पृष्ठीय प्रभार स्वतंत्र काढावा. दुसरा म्हणजे सुळके तसेच ठेवून पृष्ठीय प्रभार पुन्हा मिळवू नये. मला पहिला उपाय जास्त पसंत आहे, कारण त्यात पृष्ठीय आणि आकारमान प्रभार वेगळे राहतात आणि आलेखाची मोजपट्टी सुळक्यांमुळे बिघडत नाही.

विद्युतक्षेत्राने ताळा, आणि त्याची मर्यादा

प्रभार बरोबर आहेत याचा आणखी एक ताळा विद्युतक्षेत्रावरून घेता येतो. स्लॅबवर कोणताही मुक्त प्रभार नसेल आणि स्लॅब दोन दिशांना अमर्याद असेल, तर सममितीमुळे विद्युत विस्थापन D = ε₀E + P शून्य होते आणि E = −P/ε₀ मिळते. डाव्या पृष्ठाच्या लगेच आत हे क्षेत्र सुमारे −२.२६ × १०⁵ व्होल्ट प्रति मीटर आहे, तर उजव्या पृष्ठाच्या लगेच आत सुमारे −५.६५ × १०⁵. बद्ध प्रभारांवरून गॉसच्या नियमाने काढले तरी हेच आकडे यायला हवेत, आणि स्लॅबच्या बाहेर दोन्हीकडे क्षेत्र शून्य हवे. दोन पृष्ठांमधील विभवांतर ∫P dx / ε₀ या संकलनावरून सुमारे ६७८ व्होल्ट येते. सरासरी घनता धरणाऱ्याला तेच ७९१ व्होल्ट मिळाले असते, म्हणजे बेरीज शून्य असूनही चूक शंभराहून अधिक व्होल्टची झाली असती.

हा ताळा D शून्य आहे तोवरच चालतो, आणि या ठिकाणी वाट चुकण्याची शक्यता बरीच असते. समजा हेच P(x) कायमस्वरूपी गोठलेले नसून रेषीय डायइलेक्ट्रिकमध्ये दोन प्रभारित पट्ट्यांमुळे निर्माण झाले आहे आणि डावीकडच्या पट्टीवर मुक्त प्रभार +१० व उजवीकडच्या पट्टीवर −१० आहे. D सर्वत्र १० राहते. P = D(1 − 1/ε_r) असल्यामुळे सापेक्ष पराविद्युतता डाव्या पृष्ठापाशी १.२५ आणि उजव्या पृष्ठापाशी २ असायला हवी. बद्ध प्रभार मात्र −२, −३ आणि +५ हेच राहतात, कारण ते फक्त P वरून ठरतात. विद्युतक्षेत्र बदलते: ते आता (10 − P)/ε₀ आहे, डावीकडे सुमारे ९.०४ × १०⁵, उजवीकडे सुमारे ५.६५ × १०⁵ व्होल्ट प्रति मीटर, आणि +x दिशेने. येथे E = −P/ε₀ लावणाऱ्याला क्षेत्राची दिशाच उलटी मिळेल आणि तो विनाकारण बद्ध प्रभारांत चूक शोधत बसेल.

याच्याच जोडीला एक प्रश्न नेहमी विचारला जातो: रेषीय पदार्थाच्या आत मुक्त प्रभार नसेल तर ρ_b शून्य असतो ना? तो शून्य असतो, पण पदार्थ एकजिनसी असेल, म्हणजे ε_r सर्वत्र सारखी असेल, तरच. वरच्या उदाहरणात ती १.२५ पासून २ पर्यंत बदलते, म्हणून आत −३ इतका प्रभार साचतो. उलट, प्रश्नात पदार्थ रेषीय आणि एकजिनसी आहे, आत मुक्त प्रभार नाही असे सांगितलेले असूनही अपसरण शून्य येत नसेल, तर चूक अपसरणात नाही, P काढण्याच्या आधीच्या पायरीत आहे.

ध्रुवीकरण बदलते, तरी अपसरण शून्य

शेवटची अडचण वरच्या सर्व अडचणींच्या उलट जातीची आहे. P ची दिशा x असून त्याचे मूल्य x ऐवजी y नुसार बदलत असेल, तर ध्रुवीकरण असमान असूनही ∇·P शून्य येते. उत्तर शून्य आले म्हणून विद्यार्थी गोंधळतात आणि काही जण |P| चे अवकलन करून कुठून तरी घनता काढतात. थराच्या हिशेबाने पाहिल्यास शंका राहत नाही: कोणत्याही थरात डावीकडून जेवढे आले तेवढेच त्याच y वर उजवीकडून गेले, म्हणून आत काहीच साचत नाही. सगळा बद्ध प्रभार पृष्ठांवर असतो आणि तो y नुसार बदलतो. प्रत्येक y वर डाव्या आणि उजव्या पृष्ठाच्या घनता एकमेकींना रद्द करतात.

मात्र या स्थितीत मुक्त प्रभार नसूनही D शून्य धरता येत नाही, कारण येथे P चे वलन शून्य नाही आणि स्थिर विद्युत स्थितीत ∇×D = ∇×P असते. पृष्ठांवरच्या असमान प्रभारांमुळे स्लॅबच्या बाहेरही क्षेत्र पसरते. स्लॅबची रुंदी मर्यादित असल्यासही हाच प्रश्न उभा राहतो. बाजूच्या कडांवर P हा n̂ ला लंब असल्याने तेथे प्रभार नसतो आणि बेरीज शून्यच राहते, पण कडांजवळ E = −P/ε₀ हे सूत्र लागू पडत नाही; ५० मिमी रुंदीच्या आणि २ मिमी जाडीच्या स्लॅबमध्ये ते मध्यभागी चांगले चालते, कडांपासून जाडीइतक्या अंतरावर मात्र त्याच्यावर विसंबू नये. अशा ठिकाणी बद्ध प्रभार आधी अपसरणावरून आणि पृष्ठांवरून काढावेत, आणि क्षेत्र त्या प्रभारांवरून कुलोमच्या नियमाने किंवा विभवाच्या संकलनाने वेगळे काढावे.